कलम १३ आणि कलम २: नेपोलियनच्या वेस्टफालियाचा हिशेब

सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना नेपोलियनने काढलेले काही उद्गार त्याचा सोबती मोंतोलाँ याने नोंदवून ठेवले आहेत. चाळीस लढाया जिंकल्या ही आपली खरी कीर्ती नाही, कारण वॉटर्लूचा पराभव त्या सगळ्यांची आठवण पुसून टाकील. जे कशानेच पुसले जाणार नाही ते म्हणजे आपली नागरी संहिता, असा त्यांचा आशय. वॉटर्लूला त्याला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. लढायांच्या बाबतीत नेपोलियनचे भाकीत काही खरे ठरले नाही. ऑस्टरलिट्झ आजही सैनिकी शाळांत शिकवतात. पण वाक्याचा उत्तरार्ध मात्र लोकांनी मनापासून स्वीकारला. सेनापती नेपोलियन हरला आणि कायदेकर्ता नेपोलियन जिंकला, अशी वाटणी तेव्हापासून चालत आली आहे.

आपल्याकडे या वाटणीला आणखी एक शेपूट जोडले जाते. एक खमक्या माणूस वर बसल्याशिवाय जुने कायदे मोडत नाहीत आणि नवे येत नाहीत, हे सांगताना नेपोलियनचे नाव हमखास निघते. चर्चा करून कुठे सुधारणा होतात का, असा त्यामागचा सवाल असतो.

मला ही वाटणीही मान्य नाही आणि तिचे शेपूटही मान्य नाही. नेपोलियनचे कायदे, त्याचे सैन्य आणि त्याने बदललेला नकाशा ही एकाच यंत्राची तीन चाके होती. ती एकमेकांत अडकली तेव्हा कायद्याचे चाक थांबवले गेले आणि सैन्याचे फिरत राहिले. हे बघायला पॅरिसपेक्षा जर्मनीतले कासेल अधिक उपयोगी आहे. तिथे नेपोलियनने वेस्टफालिया नावाचे एक अख्खे राज्य कोऱ्या कागदावर तयार केले आणि सहा वर्षांत ते संपलेसुद्धा.

पण आधी संहितेविषयी. १७८९ च्या क्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये एक कायदा नव्हता. दक्षिणेत रोमन परंपरेचा लेखी कायदा चाले, उत्तरेत प्रांतोप्रांतीच्या रूढी. क्रांतीने सरंजामी हक्क मोडले, वारसाहक्कात थोरल्या मुलाचे प्राधान्य काढले, विवाह चर्चच्या हातून काढून नागरी नोंदणीत आणला. हे सगळे एका पुस्तकात बसवण्यासाठी कांबासेरेस या कायदेपंडिताने १७९३, १७९४ आणि १७९६ असे तीन मसुदे केले. तिन्ही राजकारणाच्या धामधुमीत बारगळले. नेपोलियनने नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता बळकावली आणि पुढच्याच वर्षी त्राँशे, पोर्तालिस, बिगो द प्रेआमनो आणि मालव्हील या चौघांची समिती नेमली. समितीचा मसुदा काही महिन्यांतच तयार झाला. राज्य परिषदेत त्यावर शंभराहून अधिक बैठका झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बैठकांना नेपोलियन स्वतः अध्यक्ष होता. २१ मार्च १८०४ रोजी २२८१ कलमांचे ते पुस्तक जारी झाले.

काम झटपट झाले याचे श्रेय त्याला द्यायचे तर द्यावे, पण मसुदा काही महिन्यांत का होऊ शकला हेही सांगावे. दहा वर्षांच्या भांडणाऱ्या, मोडणाऱ्या, पुन्हा बसणाऱ्या सभागृहांनी मुख्य प्रश्न आधीच निकालात काढले होते. नेपोलियनने पीक कापले. नांगरट आणि पेरणी इतरांची होती.

त्यातही त्याने काही ठिकाणी काटा मागे फिरवला. वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान राहिले, ही क्रांतीची देणगी टिकली. पण २१३ व्या कलमाने पत्नीवर पतीच्या आज्ञेत राहण्याचे बंधन घातले. पत्नीचा व्यभिचार हे पतीला घटस्फोटाचे पुरेसे कारण होते; पत्नीला मात्र पतीने दुसरी बाई राहत्या घरात आणून ठेवली असेल तरच तक्रार करता येई. मालक आणि नोकर यांच्यात मजुरीवरून वाद झाला तर १७८१ व्या कलमानुसार मालकाचा शब्द खरा धरायचा. आणि वसाहतींमध्ये १८०२ सालीच गुलामगिरी कायम ठेवण्याचा कायदा झालेला असल्यामुळे समतेचे पुस्तक तिथे गोऱ्यांपुरतेच उघडले. संहितेचा खरा नायक आहे घरमालक, शेतमालक, जमीन खरेदी करणारा बाप्या. हा मुद्दा लक्षात ठेवायचा, कारण पुढे संहिता कुठे टिकली आणि कुठे नाही याची किल्ली त्यातच आहे.

आता सैन्य. सक्तीची भरती नेपोलियनने शोधलेली नाही. सप्टेंबर १७९८ च्या जूर्दां कायद्याने २० ते २५ वयाच्या पुरुषांची नावे नोंदवणे आधीच सुरू केले होते. नेपोलियनने त्या कायद्याला हात-पाय दिले. १८०० साली प्रत्येक जिल्ह्यावर, म्हणजे देपार्तमाँवर, पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट बसला. शाळा, रस्ते, बाजारभाव, सगळे त्याच्याकडे होते. तरी त्याची लायकी मुख्यतः एका आकड्यावर ठरे. ठरलेल्या संख्येने पोरे छावणीत पोहोचली की नाही? नावांच्या यादीसाठी जन्माची नोंद लागते, आणि ती नोंद चर्चऐवजी नगरपालिकेकडे आणणारा कायदा तोच. म्हणजे ज्या नोंदवहीने माणसाला नागरिक केले त्याच नोंदवहीने त्याला शिपाई केले. पैसेवाल्याला बदली माणूस पाठवण्याची मुभा होती. भूमिहीनाला अर्थातच नव्हती.

या भरतीच्या जोरावर १८०३ ते १८०५ या काळात इंग्लिश खाडीच्या फ्रेंच काठावरच्या छावण्यांत सैन्याची नवी रचना घडली. प्रत्येक कोरमध्ये स्वतःचे पायदळ, घोडदळ, तोफखाना आणि मुख्यालय, म्हणजे वीस-तीस हजारांचे एक स्वयंपूर्ण छोटे सैन्यच. कोर वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत, म्हणून वेगाने चालत. आणि एखाद्या कोरची शत्रूशी अचानक गाठ पडली तरी दुसरे येईपर्यंत एकट्याने दिवसभर तग धरण्याची त्याची तयारी असे. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी आउअरश्टेटला मार्शल दाव्हूच्या कोरमधल्या सुमारे सत्तावीस हजारांनी प्रशियाच्या दुपटीहून मोठ्या मुख्य सैन्याचा पराभव केला. त्याच दिवशी येनाला नेपोलियन स्वतः लढत होता आणि प्रशियाचे मुख्य सैन्य आपल्याच समोर आहे अशी त्याची समजूत होती.

वेगवेगळ्या रस्त्यांनी चालणारे सैन्य वेगवेगळ्या गावांतून धान्य उचलते. मागून रसदीच्या गाड्यांची लांब रांग ओढावी लागत नाही, हेच तर वेगाचे रहस्य. लढाई महिनाभरात संपली तर हे जमते. पण जिंकल्यावर दोन-तीन लाखांचे सैन्य कुठे ठेवायचे, कोणी पोसायचे, सेनापतींना बक्षिसे कुठून द्यायची? फ्रान्सच्या करदात्याच्या खिशाला हात लावला तर घरात असंतोष. मग ते बाहेरच्यांच्या डोक्यावर टाकायचे. नेपोलियनचा नकाशा या गरजेतून पाहिला की बराच सोपा होतो.

जुलै १८०७ मध्ये टिल्झिटच्या तहाने प्रशियाचा जवळपास अर्धा मुलूख गेला. एल्बे नदीच्या पश्चिमेचे प्रशियाचे प्रांत, हेसे-कासेलचे संस्थान, ब्राउनश्वाइगची डची आणि हानोव्हरचा दक्षिणेकडचा तुकडा शिवून एक राज्य तयार झाले, वेस्टफालिया. लोकसंख्या सुमारे वीस लाख, राजधानी कासेल, राजा नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम. राज्याची घटना १५ नोव्हेंबर १८०७ रोजी निघाली. त्या दिवशी जेरोमला २३ वर्षे पूर्ण झाली. वाढदिवसाला घटना मिळालेला राजा दुसरा कोणी असेल असे वाटत नाही!

जर्मन भूमीवरची ही पहिली लिखित घटना. त्याच तारखेचे नेपोलियनचे जेरोमला लिहिलेले पत्र आजही वाचण्यासारखे आहे. तुझ्या प्रजेला जर्मनीत कुठे नसेल इतके स्वातंत्र्य, समता आणि सुबत्ता मिळाली पाहिजे, सरदार घराण्यात न जन्मलेल्या गुणी माणसाला नोकरीत समान संधी हवी, भूदासत्वाचा मागमूस राहता कामा नये, न्यायालये उघडी हवीत, ज्यूरी हवी, असे त्यात तो सांगतो. आणि लगेच कारणही देतो. अशा शहाण्या, उदार कारभाराची चव घेतलेले लोक प्रशियाच्या लहरी राजवटीकडे परत कशाला जातील? एल्बे नदी आणि किल्ले यांच्यापेक्षा हा बांध भक्कम ठरेल.

हे ढोंग होते असे मला वाटत नाही. त्याचा यावर विश्वास असणार. पण तो सुधारणेकडे तटबंदी म्हणून पाहत होता, आणि तटबंदीला खर्च येतो तेव्हा तो कोणाच्या नावे पडतो हे घटनेच्या कलमांत दिसते.

कलम १० ने सर्व प्रजाजनांना कायद्यापुढे समान केले आणि सर्व पंथांना उपासनेची मोकळीक दिली. कलम १३ ने भूदासत्व रद्द केले. कलम ४५ ने १ जानेवारी १८०८ पासून नेपोलियनची संहिता लागू केली. भाषांतर आणि न्यायाधीशांची तयारी यासाठी जेमतेम सहा आठवडे. जमीनदारांचे ७०, व्यापारी-कारखानदारांचे १५ आणि विद्वानांचे १५ अशा शंभर जणांची प्रतिनिधिसभाही घटनेत होती. ती १८०८ आणि १८१० साली भरली, पुन्हा भरलीच नाही.

आता त्याच कागदाची वरची बाजू. कलम २: जुन्या राजांच्या खासगी जहागिरींपैकी निम्म्या नेपोलियन स्वतःकडे राखून ठेवतो, आपल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांना कबूल केलेल्या इनामांसाठी. कलम ३: आधी लादलेली युद्धखंडणी भरून पूर्ण करायची. कलम ५: या राज्याने २५ हजारांचे सैन्य उभे करायचे, त्यात २० हजार पायदळ, ३५०० घोडदळ, १५०० तोफखाना. सुरुवातीची काही वर्षे निम्मेच उभारले तरी चालेल, पण उरलेल्या साडेबारा हजारांच्या जागी माग्डेबुर्गच्या किल्ल्यात तेवढी फ्रेंच फौज राहील आणि तिचा खर्च जेरोम करील.

स्वातंत्र्य देणारी कलमे दहाव्यापासून पुढे आहेत. पहिल्या पाचात फक्त घेणे आहे.

कलम २ आणि कलम १३ यांची टक्कर कशी झाली ते नीट बघितले पाहिजे, कारण संपूर्ण प्रकरणाचे मर्म तिथे आहे. त्या भागातला बहुतेक शेतकरी पूर्वेकडच्या प्रशियासारखा जमिनीला बांधलेला गडी नव्हता. तो आपल्याकडच्या कुळासारखा होता. जमीन तोच कसायचा, पिढ्यान्पिढ्या कसायचा, पण तिच्यावर नाना प्रकारची देणी असत: धान्याचा दशमांश, वार्षिक खंड, मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबणे, कुटुंबप्रमुख मेला की वारसाकडून एखादे जनावर किंवा रक्कम. फ्रान्समध्ये क्रांतीने १७९३ पर्यंत असली सगळी देणी एक पैसाही भरपाई न देता रद्द केली होती. संहिता लिहिली गेली ती अशी देणी रद्द झालेल्या जमिनीवर. तिच्यात मालक म्हणजे पूर्ण मालक. एकाच शेतावर एकाची मालकी आणि दुसऱ्याचा दशमांश हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता.

वेस्टफालियात ही संहिता लागू झाली तेव्हा शेतकऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: आता देणी द्यायची की नाही? उत्तरासाठी न्यायखात्याने देण्यांचे दोन वर्ग केले. माणसाच्या गुलामीतून आलेली देणी रद्द. जमिनीच्या करारातून आलेली देणी कायम, हवी तर एकरकमी पैसे भरून सोडवून घ्यावीत. कोणते देणे कुठल्या वर्गात बसते यावर वाद आणि दावे सुरू झाले. सोडवणुकीची रक्कम वार्षिक देण्याच्या कित्येक पट होती. युद्धखंडणीच्या करांनी पिळलेल्या शेतकऱ्याकडे ती कुठून येणार?

एकही पैसा न घेता ती रद्द का केली नाहीत? जर्मन सरदारांचा विरोध होताच, पण अडचणीचा अडथळा फ्रेंच होता. नेपोलियनने आपल्या मार्शलांना आणि सेनापतींना ज्या जहागिरी दिल्या होत्या त्यांचे उत्पन्न बहुतांशी याच देण्यांतून येत होते. दशमांश रद्द म्हणजे मार्शलचे इनाम बुडीत. इनामदार पॅरिसला किंवा छावणीत, त्यांचे कारभारी गावात, आणि बादशहाच्या नाराजीची भीती कासेलच्या मंत्र्यांना. न्यायमंत्री सिमेओं हा स्वतः फ्रेंच, पॅरिसमध्ये संहितेच्या कामात भाग घेतलेला, कामसू माणूस. तरी त्याचे हात बांधलेले होते. ज्याने संहिता दिली त्याच्याच इनामांसाठी संहितेचा अर्थ आखडता घ्यावा लागला. परक्या जहागीरदाराची वसुली नव्या कायद्याने चालते आहे, एवढे मात्र शेतकऱ्याला नीट कळले.

शिवाय ज्या जहागिरी राज्याच्या खजिन्याला आधार द्यायच्या त्याच अर्ध्या गेल्यामुळे खजिना पहिल्या दिवसापासून तुटीत होता. कर वाढले, सक्तीची कर्जे काढली गेली. जेरोमच्या नाचगाण्यांवर आणि उधळपट्टीवर तेव्हाही लोक हसत आणि इतिहासकारांनीही त्याला बरेच धुतले आहे. तो उधळ्या होताच. पण तो साधूसारखा राहिला असता तरी हिशेब जुळला नसता.

एक गोष्ट त्याच्या खात्यावर ठळकपणे मांडली पाहिजे. २७ जानेवारी १८०८ च्या हुकुमाने वेस्टफालियातल्या ज्यूंना इतरांच्या बरोबरीचे सगळे हक्क मिळाले. खास कर गेले, व्यवसायाची आणि राहण्याची बंधने गेली. कासेलला इस्राएल याकोबसनच्या अध्यक्षतेखाली त्यांचे मंडळ स्थापन झाले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च १८०८ मध्ये, पॅरिसला नेपोलियनने ज्यूंच्या सावकारीवर आणि व्यापारावर दहा वर्षांसाठी बंधने घालणारा हुकूम काढला. थोरल्या भावाच्या नमुन्यावर बेतलेल्या राज्यात धाकट्या भावाने नमुन्यापेक्षा उजवे काम केले, ते हे.

सैन्यभरतीचा परिणाम लवकर दिसला. एप्रिल १८०९ मध्ये जेरोमच्याच गार्डमधला कर्नल डर्नबर्ग उलटला. होम्बर्गच्या आसपासचे शेतकरी कोयते, दांडकी आणि जुन्या बंदुका घेऊन त्याच्या मागे कासेलवर चालून आले. तोफांच्या काही फैरींत ते पांगले. डर्नबर्ग निसटला. पण बघण्यासारखे हे की ज्या शेतकऱ्याला कलम १३ ने मुक्त केले तोच, ज्याने त्याच्या बापाला वेठीला धरले होते त्या जुन्या राजाच्या नावाने, हत्यार उचलून आला होता. याला राष्ट्रप्रेम म्हणायचे तर म्हणा. मला त्यात भरतीची यादी आणि कराची पावती अधिक दिसते.

जेरोमलाही ते दिसत होते. डिसेंबर १८११ मध्ये त्याने भावाला पत्र पाठवून बजावले की असंतोष शिगेला पोहोचला आहे, युद्ध पेटले तर ऱ्हाइन आणि ओडर यांच्यामधला सगळा प्रदेश बंडाचे घर होईल. आणि कारण केवळ परक्या सत्तेचा द्वेष नाही, सगळ्याच वर्गांचे झालेले वाटोळे, कर, खंडण्या आणि सैन्यांची कायमची ये-जा हे आहे. उडाणटप्पू म्हणून हिणवल्या गेलेल्या राजाने युरोपातल्या बहुतेक मुत्सद्द्यांपेक्षा चांगले निदान केले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. सहा महिन्यांनी वेस्टफालियाचे पंचवीस हजारांच्या आसपासचे सैन्य रशियात शिरले, आठवा कोर म्हणून. सुरुवातीला जेरोमकडे या कोरसह अख्खी उजवी बगल होती. जुलैत दाव्हूच्या हाताखाली जाण्याची वेळ आली तेव्हा तो रुसून घरी परतला. त्याची माणसे मात्र पुढे चालत राहिली. बोरोदिनोला ती लढली, मॉस्कोच्या वाटेवर खपली, परतीत गोठली. मायदेशी परतले ते काही शेकडे. वीस लाखांच्या राज्यात या आकड्याचा अर्थ असा की असे गाव क्वचितच उरले असेल ज्याचे कोणी गेले नव्हते. नेपोलियनने लगेच नव्या सैन्याची मागणी केली, आणि तेही उभे राहिले. भरतीचे यंत्र चालत होते.

३० सप्टेंबर १८१३ रोजी चेर्निशेव्ह नावाचा रशियन सेनापती कोसॅक घोडेस्वार घेऊन कासेलला आला, शहर शरण आले आणि त्याने वेस्टफालियाचे राज्य संपल्याचे जाहीर केले. जेरोम दोन आठवड्यांनी परत आला, पण नेपोलियन लायप्झिगची लढाई हरल्यानंतर ऑक्टोबरअखेर कायमचा गेला. त्याच्या मागे आला हेसे-कासेलचा जुना राजा विल्हेल्म. त्याने सात वर्षे झालीच नाहीत असे धरून कारभार सुरू केला. अधिकाऱ्यांना १८०६ सालच्या हुद्द्यावर परत नेले, शिपायांना पुन्हा शेंडीवजा वेण्या राखायला लावल्या, संहिता काढून टाकली. जेरोमच्या सरकारकडून रोख पैसे मोजून ज्यांनी सरकारी जमिनी विकत घेतल्या होत्या त्यांचे व्यवहारही त्याने अवैध ठरवले, आणि ते लोक पुढे वर्षानुवर्षे दाद मागत फिरले. संहितेच्या बचावासाठी कोणी रस्त्यावर आले नाही.

इथे ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठाची गोष्ट शेजारी ठेवू. कोलोन, आखेन, ट्रियर हा पट्टा १७९४ पासून फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहाने रीतसर फ्रान्समध्ये गेला. करही होते, भरतीही होती. पण दोन फरक होते. पहिला, सरंजामी देणी तिथे १७९८ सालीच बिनमोबदला रद्द झाली, कारण तेव्हा कुणा मार्शलला इनाम द्यायचे नव्हते. दुसरा, चर्चच्या आणि मठांच्या प्रचंड जमिनी १८०३ पासून लिलावात विकल्या गेल्या आणि त्या शहरातल्या व्यापाऱ्यांनी, सधन शेतकऱ्यांनी घेतल्या. वीस वर्षांत एक नवा मालकवर्ग तयार झाला, ज्याच्या खरेदीखताची वैधता संहितेवर उभी होती.

१८१५ मध्ये हा पट्टा प्रशियाला मिळाला. प्रशियाकडे स्वतःची मोठी, अभिमानाची कायदासंहिता होती आणि बर्लिनला ती इथेही लागू करायची होती. कोलोन-ट्रियरच्या वकिलांनी, व्यापाऱ्यांनी, नगरपालिकांनी विरोध केला: आमची उघडी न्यायालये, आमची ज्यूरी, आमचा कायदा आम्हाला हवा. खुद्द प्रशियाच्या राजाने नेमलेल्या चौकशी समितीने १८१८ पर्यंतच्या आपल्या कामात त्यांचीच बाजू उचलून धरली. फ्रेंच संहिता तिथे राहिली आणि ‘ऱ्हाइनचा कायदा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ती चालली ३१ डिसेंबर १८९९ पर्यंत. दुसऱ्या दिवशी साऱ्या जर्मनीची एक नागरी संहिता लागू झाली. म्हणजे ज्यांनी नेपोलियनला हरवले त्या प्रशियाच्या राज्यात, प्रशियन न्यायाधीशांच्या हातून, त्याचे पुस्तक ८४ वर्षे चालले.

कायदा तोच होता. कासेलला त्याच्या मागे इनामदार उभे होते, कोलोनला खरेदीदार.

नकाशाचेही असेच झाले. १८०३ ते १८०६ या काळात जर्मनीतली शेकडो छोटी संस्थाने, धर्मपीठांची राज्ये आणि स्वतंत्र शहरे शेजारच्या मोठ्या संस्थानांत विरली आणि ऑगस्ट १८०६ मध्ये जुने पवित्र रोमन साम्राज्यच विसर्जित झाले. नेपोलियन हरल्यावर युरोपचा नकाशा ठरवणाऱ्या व्हिएन्नाच्या परिषदेत ती छोटी राज्ये परत जिवंत झाली नाहीत. झाली असती तर बव्हेरिया, व्युर्टेमबर्ग आणि बाडेन यांना गिळलेले ओकावे लागले असते, आणि त्यांनी लायप्झिगच्या आगेमागे बाजू बदलून आपले मुकुट वाचवले होते. उलट वेस्टफालियाचे राज्य, वॉर्साची डची, बादशहाने थेट फ्रान्सला जोडलेले हॅम्बुर्ग, असे जे जे त्याने आपल्या भावासाठी, सैन्यासाठी किंवा इंग्लंडची नाकेबंदी करण्यासाठी आखले ते सगळे त्याच्याबरोबर गेले.

म्हणून ‘खमक्या माणूस’वाल्या युक्तिवादाला माझे उत्तर असे आहे. संहितेचा मजकूर दहा वर्षांच्या सभागृहांनी घडवला. बादशहाने तो पूर्ण करून घेतला, त्याचे मोल आहे. पण नंतर त्याच संहितेच्या आड तो स्वतः आला, आपल्या इनामांनी, खंडणीने आणि भरतीने. त्याला कोणी थांबवू शकत नव्हते, हेच तर त्याचे सामर्थ्य सांगितले जाते. कासेलच्या प्रतिनिधिसभेला जमिनीच्या इनामांवर बोलण्याचा अधिकार असता आणि जेरोमच्या पत्राची पॅरिसला दखल घ्यावी लागली असती, तर कलम १३ ला काही अर्थ उरला असता. खमक्या माणसाचा गुण म्हणून जे मोजतात त्यानेच इथे सुधारणा बुडवली.

एक आक्षेप मी नाकारत नाही. नेपोलियनच्या धक्क्याशिवाय प्रशियाने ऑक्टोबर १८०७ मध्ये स्वतःच्या शेतकऱ्यांचे भूदासत्व रद्द करण्याचा हुकूम काढला नसता, हे खरेच. हरलेल्या राज्याने जिंकणाऱ्याकडून शिकण्याचे ते उदाहरण आहे. पण त्यातही काम केले ते पराभवाने. नेपोलियनच्या हुकुमाने प्रशियात काही झाले नाही.

आणि गोव्याच्या वाचकांना यातले दुसरे टोक घरातच माहीत आहे. १८०७ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे वेस्टफालियाची घटना निघाली त्याच महिन्यात, ज्युनोच्या नेतृत्वाखाली फ्रेंच सैन्य पोर्तुगालमध्ये घुसले आणि तिथला राजपरिवार ब्राझीलला निघाला. गोव्याच्या किल्ल्यांत तर फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांची फौज १८१३ पर्यंत बसून होती. फ्रेंच शिपाई लिस्बनला पोहोचले, पण संहिता त्यांच्याबरोबर तिथे रुजली नाही. साठ वर्षांनी, १८६७ मध्ये, सेआब्रा या कायदेपंडिताच्या मसुद्यावरून पोर्तुगालने स्वतःची नागरी संहिता केली. तिच्यावर फ्रेंच नमुन्याची गडद छाया आहे, आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. गोवेकरांना त्याविषयी कोणी फारसे विचारले नव्हते. वसाहतीत विचारत नसतात. १८८० मध्ये हिंदूंच्या चालीरीतींसाठी वेगळा हुकूम काढून काही अपवाद करावे लागले. पण मुला-मुलींचा समान वारसा आणि पती-पत्नीची सामाईक मालमत्ता ही तिची अंगे घराघरांत मुरली, कारण वाटणीच्या दिवशी त्यांचा हक्क सांगणारे कोणीतरी प्रत्येक घरात होते. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. तो बदलायचा की साऱ्या देशाला लावायचा यावर आता वाद होतात. त्या वादात नेपोलियनचे नाव घेणाऱ्यांनी कलम १३ जरूर वाचावे, मात्र कलम २ वगळून नव्हे.